पोटरीच्या फुगलेल्या नसा आणि घोट्यावरचा भार
(पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी शाळेत शास्त्र शिकवितो, डॉक्टर नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. तरीही हा विषय निवडला, कारण आपल्यापैकी बहुतेकांची रोजी-रोटी उभ्याने होते. कोणी यंत्रमागावर, कोणी बेकरीच्या भट्टीपुढे, कोणी केशकर्तनाच्या दुकानात, तर कोणी हॉटेलच्या काउंटरमागे दहा-बारा तास उभा असतो. घरातील भगिनींचे निम्मे आयुष्य ओट्यापुढे जाते. आम्हा शिक्षकांचेही तेच. चाळिशीच्या आसपास पोटरीवर निळ्या, वेड्यावाकड्या, गांडुळासारख्या नसा उमटू लागतात. आपण म्हणतो, "नसा फुगल्या, वयाचं आहे," आणि विजार खाली ओढून कामाला लागतो. डॉक्टर मंडळी यांना व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात.

या नसा सर्वांना दिसतात पोटरीवर, पण नुकसान होते ते घोट्यापाशी. एवढी एक गोष्ट आपण आज घरी घेऊन गेलात तरी पुष्कळ झाले. घरगुती उपायांत ज्या चुका होतात त्यांतील बहुतेक चुका, डोळा फुगलेल्या नसेवर आणि दुर्लक्ष घोट्याकडे, यांतूनच होतात.

आता विद्यार्थी मित्रांनी थोडे गणित करावे. मध्यम उंचीचा माणूस उभा असला म्हणजे त्याचे हृदय घोट्यापासून सुमारे 120 सेंटिमीटर उंच असते. पायातील अशुद्ध रक्त वर नेणारी नीला ही एक उभी, रक्ताने भरलेली नळी समजा. 120 सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा तळाशी दाब किती? पारा पाण्याच्या 13.6 पट जड. तेव्हा 120 भागिले 13.6 म्हणजे पाऱ्याचे जवळजवळ 9 सेंटिमीटर, अर्थात 90 मिलिमीटर. निश्चल उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्याजवळील नीलेत खरोखरच साधारण एवढा दाब असतो. माणूस आडवा झाला की तो 10-15 मिलिमीटरवर येतो. यात औषधाचा काही संबंध नाही, केवळ उंचीचा आहे. खात्री करून घ्यावयाची असेल तर हात मिनिटभर खाली लोंबता सोडा. मनगटाच्या मागील नसा टरारून येतील. मग तोच हात डोक्यावर धरा. पाहता पाहता त्या सपाट होतील.

मग सगळ्यांचेच पाय का सुजत नाहीत? कारण परमेश्वराने पोटरीत एक पंप ठेवला आहे. आपण चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू आवळतात, आतल्या खोल नीला दाबल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. ते पुन्हा खाली येऊ नये म्हणून नीलांमध्ये ठिकठिकाणी एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपा असतात, विहिरीवरील पंपाच्या फुटव्हॉल्व्हसारख्या. निरोगी माणूस चालू लागला की घोट्यावरील दाब 90 वरून 30 च्याही खाली उतरतो. म्हणून चालणाऱ्या पोस्टमनपेक्षा एका जागी उभ्या असलेल्या माणसाचे पाय अधिक भरून येतात. उभे राहणे वाईट, त्याहूनही न हलता उभे राहणे वाईट.

ज्यांच्या घराण्यात हा दोष आहे, ज्यांचे वजन फार आहे, ज्या भगिनींची अनेक बाळंतपणे झाली आहेत आणि ज्यांचे काम उभ्याचे आहे, त्यांच्या कातडीखालील नीलांच्या झडपा नीट मिटेनाशा होतात. एक झडप गळू लागली की तिच्या खालच्या झडपेवर भार येतो, मग तीही गळते. नीला ताणली जाते, लांबते, आणि जागा मिळेल तशी वळत जाते. ही नीला बहुधा जांघेपासून गुडघ्याच्या आतील बाजूने उतरत आतल्या घोट्यापर्यंत जाते. या माणसाने चालले तरी घोट्यावरचा दाब पुरेसा उतरत नाही. सकाळ-संध्याकाळ, वर्षानुवर्षे तोच भार. बारीक केशवाहिन्यांतून पाणी झिरपते आणि संध्याकाळी मोज्याची खूण उमटते. पुढे रक्तातील तांबड्या पेशीही पाझरतात, त्यांतील लोह कातडीत साठते आणि आतल्या घोट्याच्या वर तपकिरी डाग पडतो. तेथे खाज सुटते, कातडी कडक व चकचकीत होते, आणि एके दिवशी नखाच्या ओरखड्याने किंवा डास चावल्याने फुटते. ती जखम मग भरत नाही.

आपल्याच एका पालकांची हकीकत त्यांच्या संमतीने सांगतो. वय 47, यंत्रमागावर वीस-बावीस वर्षे काम, चार माग, बारा तासांची पाळी. डाव्या पोटरीवर नसा दहा वर्षांपासून होत्या. दुखत नव्हत्या, म्हणून कोणी लक्ष दिले नाही. त्यांचा मुलगा नववीत होता. तो पंधरा दिवस वर्गात दिसला नाही म्हणून मी घरी गेलो, तेव्हा वडील पाय खाली सोडून खाटेवर बसलेले. घोट्याच्या आतील बाजूस रुपयाच्या नाण्याहून जरा मोठी जखम, तीन महिन्यांची. मी काही बोलण्याआधीच ते म्हणाले, "सर, मी बसून खाल्लं तर घर कसं चालणार? पोराला दोन महिने मागावर उभा करतो." नववीतला मुलगा एकदा मागावर गेला की दोन महिन्यांनी परत येतो असे आपण फारसे पाहिलेले नाही.

त्यांनी उपाय कमी केले नव्हते. हळद भरली, पावडर टाकली, गरम पाण्याचा शेक घेतला. नस वर चढू नये म्हणून गुडघ्याखाली फडके घट्ट बांधले. बाजारातून गुडघ्याचा रबरी पट्टा आणला. कोणी हिजामा सुचविला, कोणी नस चोळून घ्यावयास सांगितले. यांतील फडके आणि पट्टा यांचा विचार करू या. रक्त खालून वर जायचे आहे, आणि आपण वरच आवळून टाकले. म्हणजे निचऱ्याचे गटार वरच्या टोकाला बुजवून अंगण कोरडे होण्याची वाट पाहण्यासारखे झाले. सूज दुपटीने वाढली. गरम शेकाने नसा अधिक सैल होतात. हिजामाविषयी मला धार्मिक मत द्यावयाचे नाही, तो माझा अधिकारही नाही. परंतु फुगलेल्या नसेवर किंवा तपकिरी डागावर कोणत्याही कारणाने चीर देऊ नये. तेथील कातडी भरून येण्याच्या स्थितीत नसते.

शल्यचिकित्सकांनी प्रथम त्यांना उभे करून दोन्ही पाय जांघेपासून पाहिले. पावलाच्या पाठीवरील नाडी लागते का ते तपासले, साखर तपासली, आणि डॉपलर सोनोग्राफी करून कोणती झडप गळते ते शोधले. मग पावलाच्या बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत थरांचे बँडेज बांधले. ते दर आठवड्याला बदलले जाई. आणि घरी पाय वर ठेवण्यास सांगितले.

येथे "पाय वर ठेवा" या तीन शब्दांचा अर्थ नीट समजून घ्या. डॉक्टर सांगतात, आपण मान डोलावतो, आणि घरी येऊन खुर्चीवर बसून पाय स्टुलावर ठेवतो. हे लोंबते पाय ठेवण्यापेक्षा बरे, पण पुरेसे नाही. स्टुलावर पाय अजूनही हृदयाच्या खालीच आहेत. गवंडी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने दोन भिंतींची पातळी काढतो, ते आपण पाहिले आहे. जे टोक खाली, तिकडे पाणी. पायातील रक्त आपोआप परत यावयाचे तर घोटा हृदयापेक्षा उंच हवा, आणि त्यासाठी माणूस आडवा हवा. पाठीवर झोपावे, दोन-तीन उशा किंवा घडी केलेली गोधडी पोटरी व टाच यांच्या खाली ठेवावी, गुडघा किंचित वाकलेला असावा. केवळ गुडघ्याखाली उशी घेतली तर गुडघा वर आणि घोटा पुन्हा खाली, म्हणजे फायदा नाही. असे पंधरा ते वीस मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. पडल्या पडल्या पावले वर-खाली हलवीत राहावीत, म्हणजे पोटरीचा पंपही चालतो. रात्रीसाठी खाटेच्या पायथ्याकडील पायांखाली विटा ठेवून ती बाजू सुमारे 15 सेंटिमीटर उचलावी. मात्र ज्यांना हृदयाच्या विकारामुळे आडवे झाल्यावर दम लागतो त्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

आमच्या या पालकांना पहिल्याच आठवड्यात ठणका कमी झाल्याचे जाणवले. पण पाय वर ठेवण्याचा गुण माणूस उभा राहिला की थोड्याच वेळात संपतो. नळी पुन्हा भरते. म्हणून उभ्याने काम करणाऱ्याला दिवसभर सोबत करणारे काहीतरी हवे, आणि ते म्हणजे दाबाचे मोजे.

हे साधे घट्ट मोजे नव्हेत. त्यांची वीण अशी असते की घोट्याशी सर्वांत अधिक दाब आणि वर पोटरीकडे क्रमाने कमी. म्हणजे फडके बांधण्याच्या नेमके उलट. पेटीवर दाबाचा आकडा पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये दिलेला असतो. 'क्लास' म्हणून दिलेला आकडा देशोदेशी वेगवेगळा धरतात, म्हणून मिलिमीटरच वाचावे. अशा नसा व सूज असणाऱ्यांना पुष्कळदा 20 ते 30 मिलिमीटरचे, गुडघ्याखालपर्यंतचे मोजे सांगितले जातात. जखम होऊन गेलेल्यांना अधिक दाबाचे लागू शकतात. ते डॉक्टरांनी ठरवावे.

बुटाच्या नंबरावरून हे मोजे घेऊ नयेत. सकाळी उठल्या उठल्या, सूज चढण्यापूर्वी, टेपने तीन मापे घ्यावीत : घोट्याच्या हाडांच्या लगेच वर जेथे पाय सर्वांत बारीक आहे तेथील घेर, पोटरीचा सर्वांत जाड घेर, आणि जमिनीपासून गुडघ्याच्या मागील वळीपर्यंतची उंची. दोन्ही पायांची मापे वेगळी असू शकतात. संध्याकाळी माप घेतले तर मोजा सैल निघतो आणि पैसे वाया जातात.

घालण्याची रीत अशी. मोजा टाचेपर्यंत उलटा करावा, पाऊल आत घालावे, टाच टाचेत नीट बसवावी, आणि मग तळहाताने थोडा थोडा वर सरकवावा. नुसता वरचा काठ धरून ओढला तर मोजा फाटतो, नाहीतर सगळा वर गोळा होतो. भांडी घासण्याचे रबरी हातमोजे घातले तर पकड चांगली बसते. पाय पूर्ण कोरडा हवा. शेवटी सुरकुत्या हाताने सपाट कराव्यात. आणि लांब झाला म्हणून वरचा काठ कधीही गुंडाळू किंवा दुमडू नये. दुमडला की तेथे दाब दुप्पट होतो आणि मोज्याचे पुन्हा ते गुडघ्याखालचे फडके होते. उन्हाळ्यात कारखान्यात काम करणारे बहुतेक हीच चूक करतात. घोट्यावर मोजा सैल आणि पोटरीच्या वरच्या भागात वळ उमटलेला दिसला, तर माप चुकले किंवा काठ दुमडला असे समजावे.

मोजे सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी घालावेत असे पुस्तकात लिहिलेले असते. आपल्याकडे तसे होत नाही. फजरची वुजू करावयाची, त्यात पाय धुवावयाचे, मग जोहर, असर. मला सर्वांत अधिक प्रश्न यावरच येतात. काहीजण या अडचणीमुळे मोजेच सोडून देतात, तर काहीजण वुजू मोडू नये म्हणून पाणीच कमी पितात. या मोज्यांवर मसह चालेल किंवा नाही, हे आपापल्या मशिदीच्या इमाम साहेबांना मोजा हातात देऊन विचारावे. त्यात शास्त्र-शिक्षकाने बोलू नये. मी केवळ वेळेची सोय सांगतो. फजरची नमाज झाल्यावर लगेच कामाला न लागता पंधरा मिनिटे वर सांगितल्याप्रमाणे पाय उंच करून पडावे, पायातील रक्त उतरू द्यावे, आणि पडल्या जागीच मोजे चढवावेत. जोहरला काढावे लागले तर काढावेत, वुजूनंतर बोटांमधील फटीसुद्धा फडक्याने कोरड्या कराव्यात, नमाजनंतर दहा-पंधरा मिनिटे पुन्हा पाय वर, आणि पुन्हा मोजे. अशाने दिवसातून दोन-तीन वेळा पाय वर ठेवण्याची जी विश्रांती डॉक्टर सांगतात, ती आपल्या वेळापत्रकात आपोआप बसते. या पालकांनी हेच केले. कारखानदारांनी जोहरनंतरची पंधरा मिनिटे मान्य केली. शेवटी मागही कांडी बदलायला थांबतोच.

रात्री झोपताना मोजे काढावेत, पायाला खोबरेल तेल किंवा साधे मलम लावावे. सकाळी तेलकट पायावर मात्र मोजा चढवू नये. कोमट पाण्यात साध्या साबणाने हाताने धुवावेत, पिळू नयेत, सावलीत वाळवावेत, इस्त्री करू नये. रोज वापरल्यास तीन ते सहा महिन्यांत त्यांचा ताण जातो. मोजा अगदी सहज चढू लागला तर सवय झाली म्हणून खूश होऊ नये. तो संपला आहे.

आता एक महत्त्वाचा इशारा. कोणाचा मोजा कोणी घालू नये आणि दुकानातून परस्पर आणू नये. कारण काहींच्या पायात दोष नीलेचा नसून रोहिणीचा, म्हणजे शुद्ध रक्त खाली आणणाऱ्या नळीचा असतो. विडी-सिगारेट ओढणारे आणि मधुमेही यांच्यात हे पुष्कळ आढळते. अशा पायाला आधीच रक्त कमी पोहोचते. त्यावर घट्ट मोजा चढविला तर कातडी मरते, बोट जाऊ शकते. ओळखावे कसे? संध्याकाळी जडपणा येतो आणि पाय वर केल्यावर बरे वाटते, तर दोष बहुधा नीलेचा. थोडे अंतर चालल्यावर पोटरीत गोळा येतो, थांबल्यावर जातो, पाऊल थंड पडते, रात्री पाय खाटेखाली लोंबता सोडल्यावर बरे वाटते, तर दोष रोहिणीचा असण्याचा संभव फार. डॉक्टर घोट्याचा रक्तदाब मोजून दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहतात. तो दंडाच्या दहा भागांपैकी आठांहून कमी निघाला तर नेहमीचे घट्ट मोजे तज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय देत नाहीत. मधुमेहाने ज्यांच्या पावलांची संवेदना गेली आहे त्यांनी अधिकच जपावे, कारण मोजा काचत असला तरी त्यांना कळत नाही. मोजा घातल्यावर बोटे निळी-पांढरी पडली, बधिर झाली किंवा दुखू लागली तर तो तत्काळ काढावा.

मोज्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. मोजे आहेत तोवर गुण आहे. गळणारी झडप त्यांनी दुरुस्त होत नाही, आणि उमटलेली नस नाहीशी होत नाही. नसेवर इलाज करण्याचे प्रयत्न फार जुने आहेत. इ. स. 1000 च्या सुमारास अंदालुसियातील अबुल कासिम अज-जहरावी यांनी 'अत-तसरीफ' या ग्रंथात अशा नसा चिरा देऊन, बांधून, काढून टाकण्याची क्रिया वर्णिली आहे. आज सोनोग्राफीत पाहून लेझरने किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने ती नस आतून बंद करतात. माणूस बहुधा त्याच दिवशी चालत घरी जातो. नस बंद केल्यावर रक्त कोठून जाणार, अशी भीती अनेकांना वाटते. ते खोल नीलांमधून जाते, पायातील बहुतेक रक्त एरवीही तेथूनच जात असते. म्हणूनच खोल नीला मोकळ्या आहेत ना, हे आधी सोनोग्राफीत पाहतात. पूर्वी जखम भरल्यावर नसेचा विचार करीत. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका अभ्यासात असे दिसून आले की दाबाच्या बँडेजसोबत नसेवर लवकर उपचार केल्यास जखम लवकर भरते. आमच्या पालकांची नस याच रीतीने जखम असतानाच बंद केली. बँडेज सुरू झाल्यापासून चौदाव्या आठवड्यात जखम कोरडी झाली. त्यांनी काम सोडलेले नाही. एका जागी थिजून न राहता मागांच्या ओळीत फेऱ्या मारतात, आणि अर्ध्या तासाने वीस वेळा टाचा उचलतात. मुलगा सध्या दहावीच्या वर्गात आहे.

दोन प्रसंगी मात्र मोजे आणि उशा यांचा विचार न करता धावपळ करावी. फुगलेली नस धक्का लागून फुटली तर रक्त फार वेगाने जाते आणि माणूस घाबरून उभाच राहतो. त्याला ताबडतोब आडवे करावे, पाय वर धरावा, आणि स्वच्छ फडक्याने जखमेवरच बोटांनी दहा-पंधरा मिनिटे न उचलता दाबून धरावे. वरच्या बाजूस दोरी आवळू नये. रक्त थांबले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. दुसरा प्रसंग असा : एकच पाय एकाएकी सुजला, पोटरी गरम व दुखरी झाली, तर खोल नीलेत रक्ताची गुठळी झाली असण्याचा संभव असतो. तो पाय चोळू नये, चोळू देऊ नये, आणि त्याच दिवशी रुग्णालयात जावे. सोबत छातीत दुखू लागले किंवा धाप लागली तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये.

टेबलावर मोज्यांचा एक जोड आणि माप घेण्याची टेप ठेवली आहे. ज्यांना मोजा हातात घेऊन त्याची घोट्याकडील आणि पोटरीकडील वीण ताणून पाहावयाची असेल त्यांनी अवश्य पाहावी.